सबटायटलभोवतीचं धुरकट वलय आणि Local Dimming ची पातळी

प्रश्न : ५५ इंची मिनी-एलईडी टीव्ही घेतला आहे. दिवसा चित्र झकास दिसतं, पण रात्री दिवे बंद करून सिनेमा लावला की पांढऱ्या सबटायटलभोवती, चंद्राभोवती, कंदिलाभोवती धुरकट उजेड पसरतो. सोफ्याच्या कडेला बसलं तर जास्तच. Local Dimming सध्या High वर आहे. Low केलं की वलय कमी वाटतं, पण काळा रंग राखाडी होतो. नेमकं कुठे ठेवावं? की पीसच खराब आला आहे?

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून पीस खराब वाटत नाही. High लगेच बदलू नका. आधी अंधारात पाहण्यासाठी बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागच्या एलईडींचा उजेड, कमी करा, सबटायटल पांढऱ्याऐवजी राखाडी करा आणि मगच Local Dimming, म्हणजे तो उजेड भागाभागाने मंद करणारी सोय, तिच्या पातळ्या एकमेकींशी ताडून पाहा. बहुतेक जण उलटं करतात. पहिला हात डिमिंगला लावतात, काळा रंग गमावतात आणि वलय मात्र थोडंफार राहतंच.

ते पूर्ण का जात नाही, हे आकड्यांत पाहू. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंमी रुंद आणि ६८.५ सेंमी उंच असतो. त्यामागे समजा रुंदीत ३० आणि उंचीत १७ अशी ५१० झोनची, म्हणजे स्वतंत्रपणे पेटणाऱ्या-विझणाऱ्या एलईडी-भागांची, मांडणी आहे. म्हणजे एक झोन सुमारे ४ सेंमी बाय ४ सेंमीचा, आणि त्याच्यापुढे १२८ बाय १२७, म्हणजे सोळा हजारांवर पिक्सेल. या सोळा हजार पिक्सेलना मागून मिळणारा उजेड एकच. त्यातल्या पन्नास पिक्सेलना लखलखीत पांढरं व्हायचं असेल आणि उरलेल्यांना काळं, तर झोन पेटवावाच लागतो आणि काळ्या पिक्सेलनी तो उजेड अडवायचा असतो.

एलसीडी पिक्सेल उजेड पूर्ण अडवू शकत नाही. खिडकीला कितीही जाड पडदा लावला तरी भर दुपारी तो थोडा उजळतोच, तसंच हे. किती अडवतो ते पॅनेलच्या प्रकारावर ठरतं. चांगलं व्हीए पॅनेल समोरून पाहताना पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण साधारण ५०००:१ देतं, आयपीएस पॅनेल १०००:१ च्या आसपास. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. समजा सबटायटल ४०० निट्सवर पेटलं आहे. त्याच झोनमधला काळा भाग व्हीएवर ४०० भागिले ५०००, म्हणजे ०.०८ निट राहील, आयपीएसवर ०.४ निट. शेजारचे झोन विझलेले, म्हणजे जवळपास शून्य. अंधारात सरावलेल्या डोळ्याला ०.०८ आणि शून्य यांतला फरक सहज दिसतो, आणि तोच फरक म्हणजे तुमचं वलय. त्यात एलईडीचा उजेड तो पसरवणाऱ्या डिफ्यूझरच्या थरातून जाताना शेजारच्या झोनमध्येही सांडतो, म्हणून वलय चौकोनी न दिसता कडेला विरत गेलेलं दिसतं.

डिमिंग पूर्ण बंद केलं तर वलय नाहीसं होतं, कारण मग सगळा पडदाच सारखा राखाडी असतो. Low वर तुम्हाला जाणवलं ते हेच. झोन पुरते विझत नाहीत, पार्श्वभूमी थोडी उजळते, आणि वलय व पार्श्वभूमी यांतला फरक मिटतो. वलय तिथेच असतं, फक्त उठून दिसत नाही.

आता आधी खात्री करून घ्या की दिसतंय ते टीव्हीचंच आहे. चंद्र किंवा दिवा असलेलं दृश्य थांबवा, हात लांब करून बोटाने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने फक्त ती उजळ वस्तू झाका. भोवतीचा उजेड तिच्याबरोबर गेला, तर तो तुमच्या डोळ्यात किंवा चष्म्याच्या काचेवर पसरत होता. हा प्रकार ओएलईडीवरही होतो आणि त्याला कोणत्याही मेनूत इलाज नाही (चष्मा पुसणं वगळता). वस्तू झाकल्यावरही उजेड तिथेच राहिला, तर ते टीव्हीचं. वलय म्हणजे वस्तूच्या कडेला चिकटलेली बारीक पांढरी रेघ असेल आणि ती उजळ दृश्यांतही दिसत असेल, तर ते Sharpness जास्त असल्याचं लक्षण, डिमिंगशी संबंध नाही. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभे पट्टे उजळत असतील, तर एलईडी पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेला बसवलेले आहेत. तशा टीव्हीवर डिमिंग Low किंवा बंदच बरं, कारण एक मेणबत्ती दिसली तरी अख्खा खांब पेटतो.

आणखी एक गोष्ट तपासायची राहून जाते. सेट-टॉप बॉक्स किंवा कॉम्प्युटर एचडीएमआयने जोडला असेल आणि त्याची रंगांची रेंज टीव्हीशी जुळत नसेल, तर सिनेमातला काळा टीव्हीपर्यंत काळा म्हणून पोचतच नाही. बॉक्स Limited पाठवतो, म्हणजे काळ्यासाठी १६ हा आकडा. टीव्ही Full समजतो, म्हणजे त्याच्या लेखी काळा शून्य असतो आणि १६ म्हणजे गडद राखाडी. मग झोन विझतच नाहीत, सगळीकडे मंद उजेड राहतो आणि डिमिंगची कुठलीही पातळी लावली तरी फारसा फरक दिसत नाही. तोच सिनेमा टीव्हीतल्या ॲपवर लावून पाहा. तिथे चित्राच्या वर-खालच्या पट्ट्या गडद काळ्या दिसल्या तर दोष रेंजचा. दोन्हीकडे Auto ठेवा, नाहीतर दोन्हीकडे सारखंच ठेवा.

यानंतर बॅकलाइट. साध्या, म्हणजे एसडीआर चित्राचं मास्टरिंग, म्हणजे स्टुडिओतली शेवटची जुळवणी, १०० निट्सच्या आसपास, मंद उजेडाच्या खोलीत होतं. टीव्ही मात्र घरी येतो तेव्हा त्याच्या कितीतरी पट उजळ ठेवलेला असतो, कारण दुकानात तो तसाच खपतो. वलय बॅकलाइटच्या प्रमाणात वाढतं-घटतं. ५०० निट्सचं सबटायटल १०० वर आणलं, तर व्हीए पॅनेलवर त्याच्याभोवतीची गळती ०.१ वरून ०.०२ निटवर येते. काळा रंग आणि सावल्यांमधला तपशील दोन्हींना धक्का न लावता वलय कमी करणारा मेनूतला हा एकमेव उपाय. म्हणून रात्रीसाठी वेगळा पिक्चर मोड ठेवा. Movie, Cinema किंवा Filmmaker Mode निवडा आणि बॅकलाइट असा उतरवा की अंधारात दहा मिनिटं बसल्यावर पांढरा कागद दाखवणारं दृश्य डोळ्यांत खुपत नाही. पट्टी ५० पर्यंत असेल तर तो आकडा बहुधा १० ते २० च्या मध्ये कुठेतरी सापडतो.

इथे नावांचा घोळ आहे. सोनी आणि सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हींवर Brightness म्हणजेच बॅकलाइट. काही इतर टीव्हींवर बॅकलाइटला Backlight म्हणतात आणि Brightness म्हणजे काळ्याची पातळी. ही दुसरी पट्टी वलय घालवण्यासाठी खाली ओढू नका. वलय कमी झाल्यासारखं वाटतं खरं, पण केस, काळे कपडे, अंधाऱ्या खोलीचे कोपरे सगळे एका डबक्यात बुडतात. ओळखायचं कसं? उजळ दृश्यावर पट्टी हलवा. पांढरं ढळढळीत कमी-जास्त झालं तर ती बॅकलाइट. पांढरं तसंच राहून गडद भागच बदलले तर ती काळ्याची पातळी.

एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त चमक राखून बनवलेल्या चित्रात, टीव्ही बॅकलाइट बहुतेक वेळा टोकाला नेतो, कारण ठिणगी, सूर्य, दिवा यांची चमक तिथूनच येते. ती कमी करता येते, पण मग एचडीआरची मजाही त्याच प्रमाणात कमी होते. तिथे डिमिंगची पातळी जास्त महत्त्वाची ठरते.

डिमिंगची पातळी नेमकं काय बदलते? टीव्हीला प्रत्येक फ्रेमला ठरवायचं असतं की झोन किती पेटवू. झोनमधल्या सर्वांत उजळ पिक्सेलकडे पाहून ठरवलं, तर एका ताऱ्यासाठी पूर्ण झोन पेटतो आणि ताऱ्याभोवती वलय येतं. सगळ्यांची सरासरी काढली, तर वलय जातं, पण तारा विझतो. हिशोब करून पाहा. ४ बाय ४ पिक्सेलचा तारा म्हणजे १६ पिक्सेल, झोनमध्ये सोळा हजारांवर. हजारातला एक. सरासरीत त्याला काडीची किंमत नाही. टीव्हीने तो झोन पूर्ण ताकदीच्या दहा टक्क्यांवरच पेटवला, तर ६०० निट्सचा तारा पिक्सेल पूर्ण उघडूनही ६० च्या वर जाऊ शकत नाही. प्रत्येक टीव्ही या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो, आणि Low, Medium, High हे त्याला तिथून थोडं इकडे-तिकडे सरकवतात.

गंमत अशी की कोणत्या दिशेला, ते ठरलेलं नाही. काही टीव्हींवर High म्हणजे झोन जास्त खोल विझवणं. काहींवर त्याच्याबरोबर उजळ झोनला जादा वीज देऊन चमकही वाढवतात, आणि वलय उलट जास्त दिसतं. म्हणून "High वाईट, Medium चांगलं" असा सल्ला दुसऱ्या मॉडेलवरून उचलू नका. स्वतःच्या पडद्यावर पाच मिनिटांची चाचणी करा.

कॉम्प्युटरवर `ffmpeg` हा व्हिडिओ बनवणारा प्रोग्राम असेल तर चाचणीची फाइल एका ओळीत तयार होते. काळ्या पडद्यावर पांढरा चौकोन मिनिटभरात डावीकडून उजवीकडे सरकतो :

```
ffmpeg -f lavfi -i color=c=black:s=1920x1080:r=24:d=60 -f lavfi -i color=c=white:s=60x60:r=24:d=60 -filter_complex "[0][1]overlay=x='t*31':y=510" -c:v libx264 -crf 12 -pix_fmt yuv420p dot.mp4
```

दुसरी फाइल बनवताना `60x60` च्या जागी `4x4` लिहा आणि शेवटचं नाव `star.mp4` करा. दोन्ही पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीच्या यूएसबीला लावा. खोलीत अंधार करा, टीव्हीवरचा खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा सेन्सर आणि Dynamic Contrast किंवा Contrast Enhancer बंद करा. नाहीतर तुम्ही पाहताय ते डिमिंगचं काम की त्यांचं, ते कळणार नाही.

आधी चौकोन. समोर, नेहमीच्या अंतरावर बसा आणि चौकोनाकडे न पाहता त्याच्या भोवतीच्या काळ्याकडे पाहा. चौकोन सरळ सरकतो, पण वलय त्याच्याबरोबर सरकत नाही. ते थोडा वेळ एका जागी उभं राहतं, मग पुढच्या झोनमध्ये नवा उजेड वर येतो आणि मागचा विझतो. हे बदल जितके मऊ, तितकं डिमिंग चांगलं. मागचा उजेड विझायला रेंगाळत असेल, चौकोनामागे शेपूट राहत असेल, तर झोन विझवण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला आहे. तसं केलं नाही तर आगीच्या दृश्यात पडदा लुकलुकेल, म्हणून ही तडजोड असते. मग पातळी बदलून तेच पुन्हा पाहा. वलयाची रुंदी पाहा, तशीच चौकोनाची स्वतःची चमक बदलते का तेही.

मग तारा. ज्या पातळीवर चौकोनाचं वलय सर्वांत कमी होतं, तिथे तारा किती टिकतो? झोनच्या मध्यावर ठळक आणि दोन झोनच्या सीमेवर फिका होत असेल, श्वास घेतल्यासारखा उजळत-मंदावत जात असेल, तर ती पातळी तारांगण, पाऊस, रात्रीचं शहर असल्या दृश्यांत त्रास देणार. शेजारची पातळी लावून पाहा. या दोन फाइल एसडीआर आहेत, त्यामुळे एचडीआरसाठी शेवटचा निर्णय एखाद्या ओळखीच्या अंधाऱ्या एचडीआर दृश्यावर करा. एचडीआर सुरू झालं की बहुतेक टीव्ही डिमिंगचा आकडा वेगळा धरतात, म्हणून ते दृश्य चालू असतानाच मेनू उघडा.

मेनू कुठे? सोनीवर Settings > Display & Sound > Picture > Brightness मध्ये Auto local dimming. सॅमसंगवर Picture > Expert Settings > Local Dimming. एलजीच्या एलसीडीवर Picture > Advanced Settings > Brightness मध्ये. टीसीएल आणि हायसेन्सवर Picture मधल्या प्रगत सेटिंगांत Local Dimming याच नावाने सापडतं. सॉफ्टवेअरच्या अपडेटने जागा सरकते, पण शब्द तोच राहतो.

माझं मत विचाराल तर अंधारात सिनेमा पाहणाऱ्याने व्हीए पॅनेलवर High किंवा Medium यांतूनच निवडावं. Low वर गेलात की शेकडो झोनसाठी मोजलेले पैसे तुम्ही स्वतःच बंद करून ठेवता. आयपीएस पॅनेलचं वेगळं आहे. तिथे विझलेला आणि पेटलेला झोन यांत फरक इतका मोठा असतो की मधली पातळी डोळ्याला जास्त सुसह्य वाटते.

आता सबटायटल, कारण खरा त्रास तिथेच होतो. चंद्र दोन मिनिटं दिसतो, सबटायटल अडीच तास. २.३९:१ मापाचा सिनेमा ३८४० पिक्सेल रुंदीवर सुमारे १६०७ पिक्सेल उंच बसतो. उरलेले ५५३ पिक्सेल वर-खाली वाटले की प्रत्येकी २७६, म्हणजे तुमच्या पडद्यावर पावणेनऊ सेंमीची काळी पट्टी. तिच्यात झोनच्या जेमतेम दोन ओळी. सबटायटल या पट्टीत आलं की प्रत्येक संवादाला पट्टी उजळते आणि संवाद संपला की विझते. शेजारी लपायला दुसरं काही नसल्याने नजर तिथेच जाते. सबटायटल चित्राच्या आत घेतलं तर तेच वलय चित्रात मिसळून जातं. कोडीसारख्या प्लेअरमध्ये जागा आणि रंग दोन्ही बदलता येतात, नेटफ्लिक्सवर खात्याच्या सबटायटल सेटिंगांत रंग, गूगल टीव्हीवर System > Accessibility > Captions मध्ये शैली. पांढऱ्याऐवजी मध्यम राखाडी घ्या, अक्षर एक पायरी लहान करा. काळ्या चौकटीने वलय झाकेल असं वाटतं, पण ती चौकटही त्याच बॅकलाइटसमोर असते, तिचा उपयोग नाही. ४०० निट्सचं अक्षर १०० वर आलं की गळतीही चौथाईवर येते, आणि वाचायला काही अडत नाही.

सोफ्याच्या कडेचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. व्हीएची ५०००:१ ही ताकद समोरून. तिरक्या नजरेने काळा पिक्सेल कमी उजेड अडवतो, त्यामुळे तीच गळती कैकपट दिसते. शिवाय एलईडी आणि पिक्सेल यांच्यात अंतर असल्याने वलय वस्तूच्या एका बाजूला सरकल्यासारखं दिसतं. काही महागड्या व्हीए पॅनेलवर कोन रुंदावणारा थर असतो, तिथे समोरूनच आकडा कमी मिळतो. उपाय सेटिंगात नाही, टीव्ही किंवा सोफा फिरवण्यात आहे. सगळी बैठक पंचवीस-तीस अंशांच्या आत आली तरी पुष्कळ फरक पडतो.

खोली पूर्ण काळी ठेवू नका, हेही सांगायला हवं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं एचडीआरसाठीचं प्रमाण, बीटी.२१००, पडद्यामागच्या पार्श्वभूमीसाठी ५ निट्सचा तटस्थ उजेड सुचवतं. टीव्हीच्या पाठीला ६५०० केल्विनची एलईडी पट्टी लावून भिंत मंद उजळवली, तर ०.०८ निट डोळ्याला दिसेनासं होतं. दिवा पडद्यात परावर्तित होणार नाही एवढं पाहा, आणि रंगीत पट्टी नको, ती चित्राचा रंग बिघडवते.

गेम मोडमध्ये टीव्हीला विचार करायला वेळ कमी असतो, म्हणून तिथे डिमिंग वेगळं वागतं. Game मोडची पातळी स्वतंत्र जुळवा. टीव्ही कॉम्प्युटरला जोडून ऑफिसचं काम करणार असाल तर मात्र तेवढ्यापुरतं डिमिंग बंद ठेवा, नाहीतर माउसचा बाण काळ्या खिडकीवर स्वतःचा उजेड ओढत फिरतो.

पीस खराब आहे का, तेही त्याच `dot.mp4` ने कळतं. `y=510` मध्ये आकडा बदलून (२०, २६०, ७७०, १०००) पडद्याच्या वेगवेगळ्या ओळी तपासा. चौकोन ठरावीक जागीच मंद होतो, दर वेळी तिथेच, तर तो झोन पेटत नाही. चौकोन निघून गेल्यावरही एक चौरस उजळ राहतो, तर तो झोन विझत नाही. सगळ्या दृश्यांत, अगदी उजळ दृश्यांतही, एकाच जागी गोल पांढरे ठिपके दिसत असतील, तर साध्या एलईडी पट्ट्यांच्या टीव्हीत बॅकलाइटवरची भिंग निखळून पडलेली असतात. हे तिन्ही वॉरंटीत सांगण्यासारखे दोष. पॅनेल घरी उघडू नका, काचेला जरा ताण बसला की ती तडकते. तक्रारीसोबत व्हिडिओ पाठवताना मोबाइलचं एक्स्पोजर पांढऱ्या चौकोनावर बोट दाबून लॉक करा. ऑटोवर मोबाइल काळ्याला इतका उजळवतो की चांगल्या टीव्हीवरही ढगच ढग दिसतात, आणि सर्व्हिसचा माणूस तो व्हिडिओ बाजूला ठेवून देतो.